वॉर्डातला पेशंट बिघडतोय, इमर्जन्सी टीमला फोन करायचाय: नव्या सिस्टर आणि इंटर्नसाठी एसबार

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झालीत. फीमेल मेडिकल वॉर्डात बेड ११ वर निपाणीकडच्या एक काकू आहेत. त्यांचा मुलगा काउंटरपाशी येऊन म्हणतो, "सिस्टर, आईला जरा बघा की. सुस्त पडलीया." ड्युटीवरची सिस्टर विजापूरकडची, चार महिन्यांपूर्वी रुजू झालेली. मराठी तिला बऱ्यापैकी कळतं, पण 'सुस्त' ऐकल्यावर तिच्या मनात कन्नडमधला 'सुस्तु' येतो, आणि कन्नडमध्ये सुस्तु म्हणजे थकवा. तापानं थकल्या असतील, झोपू देत, असं वाटणं अगदी साहजिक आहे. मुलगा मात्र वेगळंच सांगतोय. हाक मारली तर आई धड उत्तर देत नाही, असं त्याचं म्हणणं आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या वॉर्डात हे रोज घडतं. पेशंट मराठी, सिस्टर कन्नड, बदलीवर आलेली दुसरी सिस्टर केरळची, डॉक्टर आणखी कुठले. केसपेपर इंग्रजीत आणि नातेवाइकांचं सांगणं दोन भाषांच्या मधलं. अशा ठिकाणी बिघडणारा पेशंट इमर्जन्सी टीमच्या हाती देताना बोलण्याचा एक ठरलेला साचा लागतो, आणि तो म्हणजे एसबार. बेड ११ ची ही केस मी शिकवण्यासाठी तीन-चार पेशंटवरून जुळवली आहे. आकडे आणि वेळा मात्र प्रत्यक्षात असतात तशाच आहेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती माझ्याबरोबर चालवून बघा.

एसबार ही चार अक्षरं. एस म्हणजे सिच्युएशन, आत्ता काय चाललंय. बी म्हणजे बॅकग्राउंड, पेशंट कशासाठी आलाय आणि मागचं काय आहे. ए म्हणजे असेसमेंट, तुम्हाला काय वाटतंय. आर म्हणजे रेकमेंडेशन, समोरच्याकडून तुम्हाला काय हवंय. ही पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कोलोरॅडोतल्या कायझर पर्मनेंटेच्या मंडळींनी ती दवाखान्यात आणली. चार अक्षरं पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. अडतं ते दोन जागी. 'आत्ता काय चाललंय' हे बोलण्याच्या शेवटी येतं, आणि 'मला काय हवंय' हे बोललंच जात नाही.

फोन उचलण्याआधीची तीन मिनिटं

आधी बेडपाशी जा. पेशंट श्वास घेत नसेल किंवा नाडी लागत नसेल तर एसबार बाजूला ठेवायचा. आरडाओरडा करून माणसं बोलवायची, छाती दाबायला सुरुवात करायची आणि कोड कॉल द्यायचा. एसबार असतो तो पेशंट घसरतोय पण अजून हाताशी आहे, अशा वेळेसाठी.

काकूंचा श्वास चालू आहे, डोळे अर्धे मिटलेले आहेत. वॉर्डातल्या मावशींना हाक मारून बीपीचं मशीन आणि ऑक्सिजनचा मास्क आणायला सांगा, तोवर तुम्ही श्वास मोजा. श्वास मोजताना घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट घ्या. 'अंदाजे वीस' लिहायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, आणि नेमका हाच आकडा बहुतेक पेशंटमध्ये सगळ्यात आधी बिघडतो. काकूंचा श्वास मिनिटाला २६ आहे. सॅच्युरेशन ९३, बिनाऑक्सिजनचं. बोटं गार असली की प्रोब खोटं दाखवतो, म्हणून बोट चोळून गरम करा आणि पडद्यावरची लाट नीट येतेय का ते बघून मगच आकडा घ्या. बीपी ८८/५०. नाडी १२४. ताप ३८.९ सेल्सिअस.

आता शुद्ध. सीमाभागातल्या वॉर्डात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पेशंटला कन्नडमध्ये विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर भाषा कळली नाही की भान गेलंय, हे तुम्हाला कधीच समजणार नाही. उलटंही होतं. पेशंट मराठीत अस्खलित बोलत असतो, म्हणून सिस्टरला तो शुद्धीवर वाटतो, पण तो काय बोलतोय हे तिला कळत नसतं. म्हणून पेशंटच्या भाषेत विचारा. येत नसेल तर नातेवाइकाला विचारायला लावा आणि उत्तराचा अर्थ त्याच्याकडूनच घ्या. मुलानं विचारलं, "आई, कुठं हायस तू?" काकू म्हणाल्या, "म्हशीला पाणी दाखवलंस काय?" वाक्य व्याकरणानं बरोबर आहे, आवाज स्पष्ट आहे, पण उत्तर प्रश्नाचं नाही. संध्याकाळी याच काकूंनी स्वतःचं गाव, वय, औषधं सगळं नीट सांगितलं होतं. म्हणजे हा नवा गोंधळ आहे. 'पेशंट बोलतेय' एवढं लिहून याला शुद्धीवर धरायचं नाही.

या आकड्यांवरून न्यूज-टू स्कोअर काढा. पेशंट किती बिघडलाय ते एका आकड्यात सांगणारा हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा स्कोअर आहे. पहिला २०१२ मध्ये आला, आजचा सुधारलेला २०१७ चा. श्वास २५ किंवा वर असेल तर ३ गुण, सॅच्युरेशन ९२–९३ ला २, वरचं बीपी ९० किंवा खाली असेल तर ३, नाडी १११ ते १३० ला २, नव्या गोंधळाला ३, ताप ३८.१ ते ३९ ला १. एकूण १४. ऑक्सिजन अजून लावलेला नाही, म्हणून त्याचे २ यात धरले नाहीत. स्कोअर ७ झाला की इमर्जन्सी टीमला बोलवायचं असतं. काकू त्याच्या दुप्पट झाल्यात. काल रात्री दहाला याच काकूंचा स्कोअर २ होता: श्वास २०, सॅच्युरेशन ९६, बीपी ११८/७४, नाडी ९६, ताप ३८.४, शुद्धीवर. २ स्कोअरला चार ते सहा तासांनी पुन्हा बघायचं असतं, म्हणजे दहाच्या सिस्टरची काही चूक नाही. चार तासांत माणूस इतका घसरू शकतो.

स्कोअरच्या मर्यादाही लक्षात ठेवा. गरोदर बाई आणि सोळा वर्षांखालचं मूल यांना तो लावायचा नाही. बीटा ब्लॉकरवर असलेल्या माणसाची नाडी शॉकमध्येही ९० राहू शकते. आणि स्कोअर कमी असूनही तुम्हाला पेशंट बरा दिसत नसेल, तर फोन करायला तेवढं कारण पुरतं.

मावशींकडून मास्क घेऊन ऑक्सिजन लावा, ग्लुकोमीटरवर शुगर बघा, युरिनची पिशवी बघा. शुगर २१४. कॅथेटर ॲडमिशनच्या वेळीच घातला होता. दहाला पिशवी रिकामी केली होती, आत्ता तिच्यात ६० मिली आहे. नखावर पाच सेकंद दाबून सोडलं तर रंग परत यायला ५ सेकंद लागतायत. हात-पाय गार.

शेवटची गोष्ट फाइल. सगळी वाचत बसू नका, तेवढा वेळ नाही. तीन पानं बघा: औषधांचा चार्ट, तपासण्यांचे रिपोर्ट आणि ॲलर्जीची जागा. या केसमध्ये या तीन पानांवर सगळं अवलंबून आहे.

फोनवरची पहिली ओळ

मी नोकरीला लागले त्या वर्षीचा माझा असाच एक फोन मला अजून आठवतो. दवाखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. मी सुरुवात केली ती अशी: "सर, त्या काल आलेल्या पेशंट आहेत ना, त्यांना आधी गावच्या डॉक्टरकडे दाखवलं होतं, तिथं त्यांनी इंजेक्शन दिलं, मग ताप उतरला, मग परत चढला..." सर तिकडे दुसऱ्या पेशंटपाशी उभे होते. बीपी ८४ आहे हे मी चौथ्या-पाचव्या वाक्यात सांगितलं, तोवर त्यांच्या कानात फक्त 'ताप' राहिला होता. "पॅरासिटामॉल द्या, येतो" म्हणाले आणि पाऊण तासानं आले. त्यांना मी कधी दोष दिला नाही. तुम्ही आत्ता या, हे मी त्यांना म्हणालेच नव्हते.

आपल्याकडे कुणाचीही हकीकत गावापासून सुरू होते. घरी, बाजारात, वाड्यावर ते बरोबरच आहे. फोनवर मात्र पहिल्या श्वासातच पाच गोष्टी यायला हव्यात: तुम्ही कोण, कुठला वॉर्ड, कुठला बेड, काय बिघडलंय आणि फोन कशासाठी केलाय. असं:

"डॉक्टर, मी फीमेल मेडिकल वॉर्डातून स्टाफ नर्स बोलतेय. बेड ११, चोपन्न वर्षांच्या पेशंट. बीपी एट एट बाय फिफ्टी, श्वास ट्वेंटी सिक्स, नवीन कन्फ्युजन, न्यूज स्कोअर फोर्टीन. तुम्ही आत्ता वॉर्डात यायला हवंय, म्हणून फोन केलाय."

'स्टाफ नर्स'च्या जागी स्वतःचं नाव घ्या, आणि समोरच्याचं नावही विचारून घ्या, फाइलमध्ये लिहायला लागेल. 'पेशंट जरा बरी नाही', 'बीपी थोडं कमी आहे' हे शब्द या वाक्यात नकोत. आपण मोठ्यांशी बोलताना नम्रपणे 'जरा' आणि 'थोडं' घालतो, आणि तेवढ्यानं ८८ चं बीपी ऐकणाऱ्याला साधं वाटायला लागतं. 'सर', 'मॅडम', 'आपण' म्हणत मान जरूर ठेवा, फक्त आकडा आहे तसाच सांगा.

मागचं सांगायचं ते किती

बॅकग्राउंडमध्ये नवे लोक दोन टोकं गाठतात. एकतर सगळी फाइल वाचून दाखवतात, नाहीतर "डायबेटिक आहे" एवढ्यावर सोडतात. मी नव्या मुलींना एकच चाळणी सांगते. ही माहिती ऐकून येणारा डॉक्टर काही वेगळं करणार असेल तर सांगा, नसेल तर राहू दे. काकूंच्या बाबतीत:

"काल संध्याकाळी पाचला थंडी-ताप आणि उजव्या कुशीत दुखतं म्हणून ॲडमिट. बारा वर्षं डायबेटिस, मेटफॉर्मिनवर. सोनोग्राफीत उजव्या युरेटरमध्ये खडा आणि उजवी किडनी फुगलेली आहे. क्रिएटिनिन १.६. सेफ्ट्रिॲक्सोन एक ग्रॅम संध्याकाळी सहाला दिलंय. पूर्वी पेनिसिलिनच्या इंजेक्शनानं अंगावर गांधी उठल्या होत्या, हे मुलानं आत्ता सांगितलं. केसपेपरवर नोंद नाही. सेफ्ट्रिॲक्सोनला काही झालं नाही."

यातली सोनोग्राफीची ओळ सगळ्यात मोलाची. ती नसेल तर डॉक्टरांना ही साधी लघवीच्या इन्फेक्शनची केस वाटेल. ते सलाईन देतील, अँटिबायोटिक वाढवतील आणि वाट बघतील. पण खड्यानं वाट अडलेली असताना किडनीत पू साठतोय आणि त्याला बाहेर पडायला जागा नाही. तिथं नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. मूत्रमार्गात स्टेंट टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून तो मोकळा करावा लागतो, आणि तेही लवकर. म्हणजे रात्री अडीचला युरॉलॉजिस्टला उठवायचं की नाही, हे त्या एका कागदावर ठरणार आहे. संध्याकाळी बाहेरच्या सेंटरवरून आलेला सोनोग्राफीचा कागद पुष्कळदा पिशवीत, उशीखाली, नाहीतर नातेवाइकाच्या खिशात असतो. म्हणून तो शोधून हातात धरूनच फोन करा.

ॲलर्जीचंही तसंच. अँटिबायोटिक वाढवताना पायपरासिलिन-टॅझोबॅक्टमचा विचार होण्याची दाट शक्यता असते, आणि ते पेनिसिलिनच्याच घरातलं औषध आहे. 'ॲलर्जी आहे का?' असं विचारलं की गावाकडची माणसं सहसा 'नाही' म्हणतात. 'कुठल्या इंजेक्शनानं अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, तोंड सुजलं असं कधी झालं का?' असं विचारा. मुलानं याच प्रश्नाला उत्तर दिलं.

तुम्हाला काय वाटतंय ते सांगा

असेसमेंटपाशी नव्या सिस्टर गप्प होतात. डायग्नोसिस करणं आपलं काम नाही, असं त्यांना वाटतं. पण इथं डायग्नोसिस मागितलेलंच नाही. बेडपाशी उभं राहून तुम्हाला जे दिसतंय त्याचा अर्थ काय लागतोय, एवढंच हवंय.

"मला हे इन्फेक्शनमुळे शॉककडे चाललंय असं वाटतं. काल रात्री दहाला स्कोअर दोन होता, बीपी ११८ बाय ७४. तेव्हापासून चार तासांत युरिन फक्त साठ मिली. हात-पाय गार, कॅपिलरी रिफिल पाच सेकंद. शुगर २१४, म्हणजे गोंधळ शुगर उतरल्यामुळे नाही."

बघा, यात नुसते आकडे नाहीत. दहाचं बीपी आणि आत्ताचं शेजारी ठेवलं की उतार कळतो. नुसतं ८८ म्हटलं तर समोरचा विचारेल, 'नेहमीचंच कमी असतं का?' युरिनचा आकडाही वजनाशी लावून बघा. काकू साठ किलोच्या आहेत. किलोमागे तासाला अर्धा मिली धरलं तर तासाला ३० मिली, म्हणजे चार तासांत निदान १२० हवी होती. झाली निम्मी. किडनीपर्यंत रक्त पुरेसं पोचत नाहीये, असा त्याचा अर्थ. मीन बीपी काढायला अवघड नाही. वरच्यातून खालचं वजा करा, तीननं भागा आणि खालच्यात मिळवा. ३८ भागिले ३ म्हणजे साधारण १३, त्यात ५० मिळवले की ६३. सेप्सिसमध्ये मीन ६५ तरी टिकवायचं असतं. काकू त्याच्या खाली आहेत.

कारण कळलं नाही तरी बोला. "कशामुळे ते मला सांगता येत नाही, पण पेशंट तासाभरात खूप बिघडल्यात आणि मला काळजी वाटतेय" हे पूर्ण असेसमेंट आहे.

मागा, आणि वेळ घालून मागा

'बघून जाल का?' हे मागणं नव्हे. काय हवंय, किती वेळात हवंय आणि तोवर मी काय करू, असे तीन भाग करा.

"तुम्ही पाच मिनिटांत येऊ शकाल का? ऑक्सिजन मास्कनं सहा लिटर लावलाय. दुसऱ्या हाताला अठरा नंबरची लाइन टाकतेय. आरएल पाचशे फास्ट सुरू करू का? कल्चरचं रक्त काढून ठेवते. युरॉलॉजीला तुम्ही कळवणार की मी कळवू?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. ज्या दवाखान्यात वेगळी इमर्जन्सी टीम नसते आणि कॅज्युअल्टीचे डॉक्टरच धावत येतात, तिथं युरॉलॉजिस्टला कुणी सांगायचं हे हमखास हवेत राहतं. डॉक्टरांना वाटतं सिस्टरनं सांगितलं असेल, सिस्टरला वाटतं डॉक्टर सांगतील.

समोरून 'ताप आहे ना, पॅरासिटामॉल द्या' असं आलंच तर चिडू नका आणि गप्पही बसू नका. पहिली आणि शेवटची ओळ पुन्हा म्हणा: "सर, स्कोअर चौदा आहे, बीपी एट एट आहे आणि नवा गोंधळ आहे. तुम्ही आत्ता यायला हवंय. तुम्ही अडकला असाल तर मी आयसीयूच्या डॉक्टरांना बोलावते." हे उर्मटपणानं बोलायचं वाक्य नव्हे, पण खरं बोलायचं आहे. म्हणजे लगेच पुढचा फोन करायचा आणि दोन्ही वेळा लिहून ठेवायच्या.

आकडे परत म्हणून घ्या

डॉक्टर म्हणाले, "आरएल फाइव्ह हंड्रेड, पंधरा मिनिटांत. कल्चर घ्या. येतोय." सिस्टरनं ते जसंच्या तसं परत म्हटलं: "आरएल फाइव्ह हंड्रेड पंधरा मिनिटांत, कल्चर घेते, तुम्ही येताय." त्यावर समोरून 'हो' आलं की मगच फोन ठेवायचा.

आपल्या भागात हे दुप्पट गरजेचं आहे. कन्नडमध्ये ऐंशी म्हणजे 'एंबत्तु' आणि नव्वद म्हणजे 'तोंबत्तु', खरखरत्या इंटरकॉमवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. मराठीतले आकडेही बाहेरून आलेल्यांना जड जातात. त्रेसष्ट, त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी यांत गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून हकीकत कुठल्याही भाषेत सांगा, पण आकडे इंग्रजीत आणि एकेक अंक सुटा सांगा: एट, एट. औषधाचं नाव आणि डोस परत म्हणून घ्या. आणि 'सुस्त', 'चक्कर', 'घाबरं होतंय' असे नातेवाइकांचे शब्द तसेच पुढे देऊ नका. 'हाक मारल्यावर डोळे उघडतात, पण प्रश्नाचं उत्तर देत नाहीत' असं डोळ्यांनी दिसलेलं सांगा.

हा सगळा फोन दीड मिनिटाचा. एकदा मोठ्यानं वाचून बघा, तेवढाच वेळ लागेल.

टीम बेडपाशी आली की

पुष्कळ जणी इथं सुटकेचा श्वास टाकून मागे सरकतात. पण सोपवणं अजून व्हायचंय. फोनवर एकानं ऐकलंय, आता चौघं आलेत, आणि मधे पाच-सात मिनिटं गेलीत. बेडच्या पायथ्याशी उभं राहून पुन्हा एसबार सांगा, पण अर्ध्या मिनिटात, आणि बदललेलं आधी:

"दोन वाजून एकवीस. आरएल सव्वाशे गेलंय. बीपी ९२ बाय ५४, नाडी ११८, श्वास २४, सॅच्युरेशन ९७ पण मास्कवर सहा लिटर. गोंधळ तसाच. पेनिसिलिनला गांधी उठल्या होत्या. उजव्या युरेटरमध्ये खडा, हा सोनोग्राफीचा कागद. युरॉलॉजीला अजून कळवलेलं नाही."

सॅच्युरेशन ९७ बघून खोलीतले सगळे निवांत होतात, तेवढं होऊ देऊ नका. न्यूज-टूमध्ये ऑक्सिजन चालू असल्याचे २ गुण वेगळे धरतात. श्वासाचे २, ऑक्सिजनचे २, बीपीचे २, नाडीचे २, गोंधळाचे ३ आणि तापाचा १ मिळून स्कोअर अजून १२ आहे. काकू सुधारल्या नाहीत, मशीनवरचा एक आकडा सुधारला. पुढं किती सलाईन लागेल ते टीम ठरवेल. सेप्सिसच्या शॉकमध्ये किलोमागे ३० मिली पहिल्या तीन तासांत असा हिशोब असतो, म्हणजे काकूंना साधारण १८०० मिली. त्यानंही मीन ६५ च्या वर गेलं नाही तर नॉरॲड्रेनालिन लागतं. अँटिबायोटिक तासाभराच्या आत वाढवायला हवं, म्हणून काढलेलं कल्चर टीमला लगेच दाखवा, नाहीतर कल्चरसाठी औषध थांबून राहतं.

बोलताना एकीनंच बोला. मावशी, इंटर्न आणि मुलगा एकाच वेळी सांगायला लागले की कुणाचंच नीट ऐकू येत नाही. मुलाला लांब घालवू नका, डोक्याशी उभं राहू द्या. आईला प्रश्न विचारायला आणि उत्तराचा अर्थ सांगायला टीमला तोच लागणार आहे. त्याला त्याच्या भाषेत दोन वाक्यं सांगा: "दादा, आईचं बीपी खाली आलंय, इन्फेक्शन रक्तात पसरल्यासारखं दिसतंय. डॉक्टर आलेत, आयसीयूत हलवायला लागेल."

टीममधल्या एकानं 'आता पेशंट माझ्याकडे' असं तोंडानं म्हणेपर्यंत पेशंट तुमचाच आहे. कुणी म्हणत नसेल तर विचारा, "इथून पुढे पेशंट कुणाकडे?"

तालुक्याच्या दवाखान्यात असाल तर

तिथं रात्री धावून येणारी टीम नसते. तुमचा एसबार मग पुढच्या दवाखान्यातल्या ड्युटी डॉक्टरला जातो, आणि मागण्यात दोन गोष्टी वाढतात: आयसीयूचा बेड आहे का, आणि रात्री युरॉलॉजिस्ट मिळेल का. नसेल तर तिथं पाठवून काकूंचे दोन तास वाया जातील. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं, त्यामुळे पेशंट हद्द ओलांडून जातात आणि कागद मागे राहतात. १०८ च्या गाडीत बसताना सोनोग्राफीचा रिपोर्ट, अँटिबायोटिक दिल्याची वेळ आणि पेनिसिलिनची नोंद एका कागदावर इंग्रजीत लिहून गाडीतल्या माणसाच्या हातात द्या. नातेवाइकांच्या पिशवीत टाकू नका.

फाइलमधली नोंद

नोंद त्याच रात्री, घड्याळ बघून आणि घडलं त्या क्रमानं करा. बेड ११ ची अशी होईल:

०२.१० मुलाने सांगितले, आई नीट उत्तर देत नाही. ०२.१३ श्वास २६, सॅच्युरेशन ९३ बिनाऑक्सिजन, बीपी ८८/५०, नाडी १२४, ताप ३८.९, नवा गोंधळ. न्यूज-टू १४. शुगर २१४. युरिन रात्री १० पासून ६० मिली. ऑक्सिजन मास्कने ६ लिटर. ०२.१५ ड्युटी डॉक्टरांना फोन, एसबार दिला, फोनवर ऑर्डर: आरएल ५०० मिली १५ मिनिटांत, कल्चर. ऑर्डर परत म्हणून घेतली. ०२.१७ आरएल सुरू, कल्चर काढले. ०२.२१ टीम हजर, १२५ मिली गेल्यावर बीपी ९२/५४, न्यूज-टू १२. पेनिसिलिनने गांधी उठल्याचा पूर्वेतिहास मुलाकडून, केसपेपरवर लाल शाईने नोंदवला. ०२.२६ युरॉलॉजिस्टना टीमच्या डॉक्टरांनी कळवले. ०२.४० आयसीयूत हलवले, सोनोग्राफीचा कागद आयसीयू सिस्टरच्या हातात दिला.